मदत हवी आहे: १४० पत्ते, एक शीट, आणि भलत्याच माणसाला गेलेला डबा

दिवाळीच्या सुकामेव्याच्या १४० डब्यांची कॉर्पोरेट ऑर्डर आहे. प्रत्येक डबा वेगळ्या घरी जाणार आणि आत नावाचं कार्ड. पत्त्यांची एक्सेल शीट कंपनीच्या एचआरकडून येते. त्यांनी फक्त नावाचा कॉलम सॉर्ट केला, की नाव एकाचं आणि पत्ता दुसऱ्याचा होतो. पिनकोड सहा आकडीच असल्यामुळे तपासणीत हे पकडलं जात नाही. म्हणून शीट आली की दहा ओळी एचआरकडून ताडून घ्यायच्या, आणि मग प्रत्येक ओळीला D-001 ते D-140 असा कायमचा कोड द्यायचा.

हाच कोड कुरिअरच्या अपलोड फाइलमध्ये ऑर्डर आयडीच्या रकान्यात जातो. ट्रॅकिंग नंबरांची फाइल परत येते तेव्हा ओळींचा क्रम बदललेला असू शकतो, त्यामुळे ती शेजारी सरळ पेस्ट करायची नाही. कोडवरूनच नंबर ओढायचा:

```
=XLOOKUP(A2,Courier!A:A,Courier!C:C,"नाही")
```

इथपर्यंत ठीक. घोळ होतो तो पॅकिंगच्या टेबलावर. कार्ड आत घालून डबा बंद झाला की बाहेरचं लेबल त्याच माणसाचं आहे का, हे कळत नाही. एक लेबल चुकलं की पुढचे सगळे डबे एकेका घराने सरकतात!

कार्डाच्या मागे आणि डब्याच्या तळाशी कोड लिहिणं पुरतं, की मोबाइलने स्कॅन करून जुळवणी करता? आणि चुकीच्या घरी पोहोचलेला डबा परत मागवता, की नवा पाठवता? त्याचा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरता का?