मदत हवी आहे: माळ्यावर दव साचतंय, आढं बंद करू की वळचण मोकळी करू?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, उतरत्या कौलारू छपराचं जुनं घर आहे. गेल्या उन्हाळ्यात आढ्यावरची कौलं नव्याने बसवली, तेव्हा आढ्याच्या पूर्ण ७ मीटर लांबीत ५ मिमीची हवेची फट ठेवली. या जानेवारीत सकाळी माळ्यावर गेलो, तर कौलांखालच्या डांबरी फेल्टवर थेंब लोंबत होते आणि खिळ्यांच्या टोकांवर चक्क हिम होतं. वासे हाताला ओले लागले.

माझा संशय वळचणीवर आहे. तिथे १० मिमीच्या सलग फटीइतकी, म्हणजे दर मीटरला १०,००० चौ. मिमी वाट हवी. ७ मीटरला ७०,०००. आमच्याकडे दर बाजूला ७० मिमीची सहाच गोल जाळीदार भोकं आहेत, जाळी न धरताही जेमतेम २३,०००. शिवाय २७० मिमी लोकर थेट वळचणीत कोंबलेली, टॉर्च बंद केला की एकाही भोकातून उजेड दिसत नाही. म्हणजे आढं हवा ओढतंय, पण ती बाहेरून न येता खालच्या बाथरूमची दमट हवा छताच्या फटींतून वर येत असावी.

लोकर मागे ओढून वाशांमध्ये प्लॅस्टिकचे ट्रे सरकवायचा विचार आहे. पण भोकं वाढवावीत की फॅशियावर सलग पट्टी बसवावी? तोवर आढ्याची फट झाकली तर ओल आणखी वाढेल का? माळ्याच्या झडपेला रबर पट्टी आधी लावू ना? कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सांगा, लाकडाला बुरशी धरायची फार धास्ती वाटतेय.