विषय: चालू सरासरी कशी काढायची? कॅनव्हासवर ७८.२, आमच्या हिशोबात ८२.३

वैशाली:
नमस्कार मंडळी, लेकाच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीचा प्रश्न आहे. होमवर्क, क्विझ, मिडटर्म सगळं आटोपलं, आता फक्त फायनल राहिली. सिलॅबसमध्ये होमवर्कला २० टक्के, क्विझना २०, मिडटर्मला २५ आणि फायनलला ३५ असं वेटेज आहे. त्याला होमवर्कमध्ये ९५ टक्के, क्विझमध्ये ८० आणि मिडटर्मला ७२ मिळालेत. आमच्या ह्यांनी तिन्हींची बेरीज करून तीनने भागलं, तर ८२.३ आले. कॉलेजचं ऑनलाइन ग्रेडबुक, कॅनव्हास, मात्र ७८.२ दाखवतंय. बी ग्रेडला ८३ लागतात. फायनलला किती मिळवायला हवेत?

सुहास:
वैशालीताई, नुसतं तीनने भागून चालणार नाही. प्रत्येकाला त्याच्या वेटेजने गुणा. ९५ चे २० टक्के १९, ८० चे २० टक्के १६, ७२ चे २५ टक्के १८. बेरीज ५३. म्हणजे आज त्याची सरासरी ५३ आहे. अवघड आहे हो. कॅनव्हासचं ७८ कुठून आलं, कळत नाही.

मंदार:
आमच्या मुलीच्या हायस्कूलमध्ये एपी विषयांना पाचपैकी पॉइंट धरतात, त्यामुळे तिचा जीपीए चारच्या वर गेलाय. वेटेड आणि अनवेटेड दोन्ही मागून घ्या. कॉलेजं दोन्ही बघतात.

अनघा:
मंदार, तो जीपीएचा हिशोब, सगळे विषय मिळून. इथे एकाच विषयाच्या आतली गोष्ट चालू आहे.

सुहास, गुणाकार अगदी बरोबर, पण ५३ ही सरासरी नव्हे. शंभरपैकी ६५ टक्क्यांचंच काम आजवर झालंय, त्यातले ५३ त्याने कमावलेत. तेव्हा ५३ भागिले ०.६५, म्हणजे ८१.५. आजची सरासरी ही. न झालेल्या परीक्षेचा शून्य आत्ताच का धरायचा?

आता ७८.२. मी कम्युनिटी कॉलेजात शिकवते, दर सत्रात विद्यार्थी असाच आकडा घेऊन येतात. बहुधा प्राध्यापकांनी मिडटर्म आणि फायनल मिळून ‘एक्झाम्स’ असा ६० टक्क्यांचा एकच गट केलाय. त्यात आज गुण आहेत फक्त मिडटर्मचे, म्हणून कॅनव्हास अख्खे ६० टक्के त्या ७२ वर टाकतं. ७२ चे ६० टक्के ४३.२, त्यात १९ आणि १६ मिळवा. बरोब्बर ७८.२.

फायनलसाठी यातलं काहीच वापरू नका. ८३ मधून ५३ वजा करा, राहिले ३०, त्यांना ०.३५ ने भागा: ८५.७. तेवढे हवेत. नव्वदीचं स्वप्न असेल तर सोडा, शंभरपैकी शंभर पडले तरी ८८ च्या वर जात नाही.

पण एक बघा. गटाच्या आत कॅनव्हास पॉइंटांच्या प्रमाणात हिशोब करतं. सिलॅबसमधलं २५-३५ तिथे उतरायचं तर मिडटर्म १०० पॉइंटांची असल्यास फायनल १४० ची हवी. लेकाला सांगा, ग्रेड्सच्या पानावर ‘Calculate based only on graded assignments’ समोरची खूण काढ. मग बाकी राहिलेलं शून्य धरलं जातं. आकडा ५३ आला तर सगळं सिलॅबसप्रमाणे आहे.

वैशाली:
अनघाताई, खूण काढली, ५६.६ आले! चांगलं की वाईट?

अनघा:
म्हणजे दोन्ही परीक्षा सारख्याच पॉइंटांच्या नोंदवल्यात, प्रत्येकी ३० टक्के. ७२ चे ३० टक्के २१.६, अधिक ३५, झाले ५६.६. वरवर जास्त दिसतात, पण त्याच्यासाठी हे वाईटच. कच्च्या मिडटर्मचं वजन वाढलं आणि भरून काढायला फायनल लहान झाली. आता ८३ ला २६.४ कमी पडतात, भागिले ०.३, म्हणजे फायनलला ८८ हवेत.

मंदार:
आपल्याकडे दहावीला लेखी ८० आणि तोंडी-अंतर्गत २०, सरळ बेरीज. हा घोळच नाही!

सुहास:
मंदार, तिथे अंतर्गतचे २० आधी कळतात का? असो. अनघाताई, सिलॅबस एक सांगतो, कॅनव्हास दुसरंच. शेवटी चालतं कोणाचं?

अनघा:
आमच्याकडे सिलॅबसचं. त्यांच्याकडचं मी कसं सांगू? काही प्राध्यापक अंतिम ग्रेड वेगळ्या एक्सेलमध्ये काढतात, मग कॅनव्हासच्या आकड्याला अर्थच उरत नाही. मुलानेच फायनलच्या आधी प्राध्यापकांना दोन ओळींची मेल टाकावी: सिलॅबसमध्ये २५ आणि ३५ आहे, कॅनव्हासमध्ये दोन्ही ३० दिसतात, कोणतं धरू? आईने टाकू नये, उत्तर मिळणार नाही.

वैशाली:
टाकायला सांगितली आहे. तोवर ८८ धरूनच अभ्यास कर म्हटलं. ह्यांचं अजून ८२.३ च चाललंय.