ब्लर्बसाठी ज्येष्ठ लेखकाला पत्र: मसुदा बघाल का?

नवकथा: पहिला कथासंग्रह येतोय, 144 पानं. मलपृष्ठावर एका नामवंत कथाकारांच्या दोन ओळी हव्यात, ओळख मात्र नाही. हे चालेल?
"आदरणीय सर, सादर नमस्कार. मी आपला निस्सीम चाहता आहे. माझा पहिला कथासंग्रह प्रकाशित होत आहे. पीडीएफ जोडली आहे. आपले चार शब्द लाभल्यास ऋणी राहीन. कृपया लवकर कळवावे."

प्रूफवाला: नम्र आहे, पण सरांना यातून काम काय ते कळत नाही. चार शब्द म्हणजे प्रस्तावना की मलपृष्ठाचा मजकूर? लवकर म्हणजे कधी? न विचारता पीडीएफ डोक्यावर टाकू नका, आधी होकार घ्या. असं लिहा:
"आ. सर, सा. न. आपल्या कथांतले बोलीतले संवाद मी पुन्हा पुन्हा वाचतो. माझा 9 कथांचा पहिला संग्रह मार्चमध्ये येतोय. मलपृष्ठासाठी 40-50 शब्दांचा अभिप्राय द्याल का? होकार आल्यास छापील प्रत पाठवतो. सवडीने तीन कथा वाचल्यात तरी चालेल. मजकूर 20 जानेवारीपर्यंत हवा आहे. जमणार नसेल तर उत्तराची तसदी घेऊ नये."
तारीख मुखपृष्ठावरून ठरवा. 16 पानी फॉर्म धरला तर तुमचे 9 फॉर्म. एखादा वाढला की कण्याची जाडी बदलते, म्हणून पानं पक्की झाल्यावरच मुखपृष्ठ छपाईला जातं. त्याच्या दोन आठवडे आधीची तारीख सरांना द्या. मलपृष्ठावर बारकोड, किंमत, तुमचा परिचयही बसायचाय. 150 शब्द आले तर कात्री लागणार, आणि कापलेला मजकूर सरांना परत दाखवावा लागणार.

कोपरखळी: तीन कथा वाचून नऊ कथांची शिफारस? वाचकाला सरळ टोपी घालणं झालं. अमेरिकेत सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने 2025 मध्ये ब्लर्ब बंदच केले.

प्रूफवाला: बंद नाही. त्यांच्या मुख्य प्रकाशन विभागाने लेखकांवरची ब्लर्ब मिळवण्याची सक्ती काढली, इतकंच. तीन कथांचा आक्षेप मात्र रास्त. मग अभिप्राय त्या कथांपुरताच मागा.

काव्यवेडी: पत्र कशाला, फोन करा! माझ्या संग्रहाला आठ पानं मिळाली, सहा महिन्यांत.

प्रूफवाला: ताई, ती प्रस्तावना. इथे मार्चला पुस्तक आहे.

सहीपुरते: मजकूर आपणच लिहून पाठवावा, सर फक्त सही करतात. सगळे हेच करतात.

कोपरखळी: म्हणूनच सगळी मलपृष्ठं सारखी वाजतात. आणि "कथा आवडल्या, शुभेच्छा" असा व्हॉट्सॲप आला की लोक तोच छापतात!

प्रूफवाला: इथे मी कोपरखळींच्या बाजूने. खाजगी उत्तर म्हणजे छापायची परवानगी नव्हे. अमेरिकी कवी व्हिटमनने 1856 मध्ये नामवंत लेखक इमर्सनच्या खाजगी पत्रातलं वाक्य न विचारता पुस्तकाच्या कण्यावर छापलं होतं. तुम्ही अंतिम मजकूर पाठवून "हा आपल्या नावासह मलपृष्ठावर छापू का?" असं विचारा, आणि लेखी होकार ठेवा.

नवकथा: उत्तरच नाही आलं तर आठवण करू?

प्रूफवाला: एकदा, तारखेच्या आठवडाभर आधी.

कोपरखळी: अजिबात नको. तसदी घेऊ नका म्हणायचं आणि वर आठवण?