नाव आजीच्याच तोंडून निघालं : नातवाच्या नावाने आलेले फोन, तुमचे अनुभव

गेल्या मे महिन्यात म्हार्दोळला माझ्या आजीला असा फोन आला. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते. तुमच्या घरी असं झालं असेल तर तुम्हीही लिहा, फोनवरचं पहिलं वाक्य आठवत असेल तर ते नक्की लिहा.

सकाळी सव्वाअकरा. आजी सोप्यावर बसून रातांब्यांची सालं वेगळी करत होती. पलीकडून नुसतं हुंदके देऊन रडणं, आणि मध्येच "आजी... आजी..." एवढंच. आजी घाबरून म्हणाली, "कोण, बाबू? पुण्याहून?" झालं. तिथून पुढे तो "बाबू" झाला. फोन लगेच दुसऱ्याने घेतला, हिंदीत, दरडावून: मी इन्स्पेक्टर बोलतोय, तुमचा बाबू मित्रांबरोबर ड्रग्जमध्ये सापडलाय, अजून कागद केलेला नाही. घरात कुणाला सांगितलंत तर केस वर जाईल. फोन कट करायचा नाही.

आजीला मोबाइलवरून पैसे पाठवता येत नाहीत. तेही त्यांनी विचारून घेतलं आणि तिला बँकेत जायला लावलं. फोन चालूच, पिशवीत. कुणी विचारलं तर घराचं काम आहे म्हणायचं, हेही पढवलेलं. तिने ठेव मोडली, १ लाख ८० हजार. काउंटरवरच्या मुलीने विचारलंही, "आजी, एवढे पैसे कशाला?" आजी म्हणाली, "पावसाआधी कौलं परतायची आहेत." आयुष्यात खोटं न बोललेली बाई.

दीड वाजता बाबूचा रोजच्यासारखा फोन आला, मेसमधून. आजीने त्याला विचारलं, "सोडलं रे तुला?"

निवृत्त कॅशियर, फोंडा

मी ३४ वर्षं काउंटरवर होतो. त्या मुलीने विचारलं हे बरोबर केलं, पण "कशाला" विचारलं की पढवलेलं उत्तर येतं. मी विचारायचो, "ज्यांच्या खात्यावर पाठवताय ते तुमचे कोण?" कौलं परतणारा माणूस म्हार्दोळचा आणि खातं दुसऱ्या राज्यातलं, भलत्याच नावाचं, तिथे माणूस अडखळतो. पिशवीत फोन चालू असेल तर कागदावर लिहून विचारायचं. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, १९३०, तिथे तुम्ही किती वाजता फोन केलात?

डिचोलीचा भाचा

१९३० ला फोन केला की पैसे परत येतात. माझ्या मामीचे आले.

म्हार्दोळची नात

दोनला दहा कमी असताना केला. त्यांनी खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारला. तो क्रमांक पावतीवर होता, म्हणून पावती हातात घेऊनच फोन करा. तोवर पैसे पहिल्या खात्यातून तीन खात्यांत गेले होते. एका खात्यात ६२ हजार सापडले, तेवढे गोठवले. बाकीचे एटीएममधून निघून गेले होते.

निवृत्त कॅशियर, फोंडा

भाच्याला सांगतो, पैसे कुठल्यातरी खात्यात शिल्लक असतील तरच अडकवता येतात. तुमच्या मामीने बहुतेक लगेच कळवलं असेल. आणि गोठवलेले पैसे आपोआप येत नाहीत. तक्रारीचा क्रमांक घेऊन पोलिसांत जावं लागतं, पुष्कळदा कोर्टाचा आदेशही लागतो.

डिचोलीचा भाचा

हो, मामीने वीस मिनिटांत केला होता. ते मला आठवलं नाही.

पेडण्याची आई

माझं वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी अनोळखी नंबरवरून फोन आला, "तुमच्या मुलाचा अपघात झालाय." असल्या गोष्टी ऐकून होते, मी फोन ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तो खरा होता. रस्त्यावरच्या एका माणसाने मुलाला इस्पितळात पोचवलं होतं आणि त्याच्याच मोबाइलवरून तो करत होता. मी दीड तास उशिरा पोचले.

म्हापशाचा काका

आवाज हुबेहूब होता का? हल्ली आवाजाची नक्कल करतात म्हणे.

म्हार्दोळची नात

आजी अजून शपथेवर सांगते की तो बाबूचाच आवाज होता. मला वाटतं रडणं कुणाचंही सारखंच ऐकू येतं, आणि नाव तिनेच दिलं. पण ते मला सिद्ध करता येणार नाही. एक मात्र आहे: घरी बाबू तिला "आजी" कधीच म्हणत नाही, "आजये" म्हणतो. हे तिला संध्याकाळी आठवलं आणि ती तेव्हा रडली. पैसे गेले तेव्हा रडली नव्हती.

निवृत्त कॅशियर, फोंडा

पेडण्याच्या ताई, तुमची चूक मानू नका. फोन घ्यायचा, नाव आपण घ्यायचं नाही, "कोण बोलतोय, कुठून" एवढं विचारायचं. मग ठेवून मुलाच्या नंबरवर, नाही लागला तर त्याच्या मित्राला करायचा. खरा माणूस "ठेवू नका" म्हणत नाही.

पेडण्याची आई

मुलाचा फोन अपघातात फुटला होता. मित्राचा नंबर माझ्याकडे नव्हता. आता आहेत, तिघांचे, फ्रिजवर चिकटवलेले. पण त्या माणसाला मी दोनदा तोंडावर फोन ठेवला, तो नंतर कधी भेटला नाही.