फ्लेल चेस्ट: दम कशाने लागतो, उलट्या हलणाऱ्या तुकड्याने की ठेचलेल्या फुप्फुसाने?

शिकाऊ_डॉक्टर
काल रात्री उसाची ट्रॉली उलटून दबलेले एक ५२ वर्षांचे शेतकरी आले. डाव्या बाजूच्या चौथी ते आठवी अशा पाच बरगड्या, प्रत्येक दोन ठिकाणी मोडलेली. श्वास घेतला की तेवढाच सुटलेला तुकडा आत खेचला जातो, सोडला की फुगतो, म्हणजे फ्लेल चेस्ट. रजिस्ट्रार म्हणतात, तो तुकडा स्थिर करा, श्वास सुधारेल. आयसीयूचे सर म्हणतात, तुकड्याकडे बघू नका, आत बघा. बरोबर कोण?

घाटावरचा
रजिस्ट्रार बरोबर. बरगड्यांचा पिंजरा म्हणजे भाता. भात्याच्या कातड्याला मोठं भोक पडून त्यावर नुसता कापडाचा तुकडा ठेवला तर हवा ओढली जाईल का? शिवाय श्वास घेताना दुखऱ्या बाजूच्या फुप्फुसातली वापरलेली हवा चांगल्या बाजूच्या फुप्फुसात जाते, सोडताना परत येते. तीच शिळी हवा इकडून तिकडे, लोलकासारखी. कॉलेजात हेच शिकलो, उत्तरपत्रिकेतही हेच लिहिलं.

भूलवाला_काका
भाता चालेल, लोलक नको. तुकडा आत का जातो ते आधी बघू. छाती-पोटामधला श्वासाचा पडदा खाली उतरतो, बाकीच्या बरगड्या वर-बाहेर जातात, छातीत ओढ तयार होते. सुटलेल्या तुकड्याला दोन्हीकडून धरून ठेवणारं हाडच नाही, म्हणून ती ओढ त्यालाच आत घेते. जेवढी हवा यायची, त्यातली काही जागा तुकड्याने खाल्ली. श्वास सोडताना, विशेषतः खोकताना, आतला दाब वाढतो आणि तुकडा बाहेर येतो. म्हणून खोकल्यात जोर राहत नाही. इथवर आपलं एकमत.

पण एक हिशोब करू. साधारण माणूस दर श्वासाला ५०० मिली हवा घेतो, मिनिटाला १४ वेळा, म्हणजे ७ लिटर. त्यातली दर वेळी सुमारे १५० मिली श्वासनलिकेतच राहते, कामाला येत नाही. कामाची हवा ३५० गुणिले १४, म्हणजे ४.९ लिटर. आता दुखण्यामुळे आणि तुकड्यामुळे श्वास २५० मिलीवर आला आणि वेग ३६ झाला असं धरा. एकूण ९ लिटर, नेहमीपेक्षा जास्तच! पण कामाची फक्त १०० गुणिले ३६, म्हणजे ३.६ लिटर. धाप लागलेली दिसते, हवा मात्र पोचत नाही. त्यात प्रत्येक श्वासाला स्नायूंची मेहनत दुप्पट.

आणि त्या तुकड्याखालचं फुप्फुस ठेचलेलं असतं. वायुकोषांत रक्त आणि पाणी. त्यातून रक्त वाहत राहतं पण ऑक्सिजन घेत नाही, म्हणून मास्कने कितीही दिला तरी आकडा हवा तसा वाढत नाही. ठेचलेलं फुप्फुस कडकही होतं. ते फुगवायला ओढ जास्त लागते आणि ओढ वाढली की तुकडा आणखी आत. म्हणजे तुमच्या सरांचं आणि रजिस्ट्रारांचं भांडण एकाच चाकाच्या दोन आऱ्यांचं आहे.

माधुरी_पु
मधे बोलते, माफ करा. वडील जिन्यावरून घसरले, दोन बरगड्यांना चीर. शेजारच्यांनी छातीला पट्टा आवळून बांधायला सांगितलं. आठवड्याने ताप आला, कफ साठला. हे तेच का?

भूलवाला_काका
नाही ताई, फ्लेल म्हणायला लागोपाठच्या निदान तीन बरगड्या, प्रत्येकी दोन जागी मोडलेल्या लागतात. तुमच्या वडिलांच्या चिरा वेगळ्या. पण पट्ट्याचा धडा दोन्हीकडे सारखाच. आवळला की दुखणं थोडं कमी, पण खोल श्वासही बंद, खोकलाही बंद, आणि खाली कफ साठतो. फ्लेलवर पूर्वी वाळूच्या पिशव्या ठेवत, तेही याच कारणाने बंद झालं. ताप आणि कफ असेल तर वडिलांना आजच दाखवा.

हाडांचा_माणूस
काका, तुमचा हिशोब मान्य, पण निष्कर्ष गुळमुळीत. तुकडा जागच्या जागी धरला तर ओढ वाया जात नाही, मग प्लेट का लावू नये? जपानमध्ये २००२ साली ३७ रुग्णांवर तुलना झाली. व्हेंटिलेटर लागणाऱ्यांत प्लेट लावलेल्यांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस कमी भरले. दुखणंही कमी होतं, हाडाचं टोक हलायचं थांबतं ना!

भूलवाला_काका
प्लेटला माझा विरोध नाही, सरसकट प्लेटला आहे. कॅनडा-अमेरिकेतल्या २०२२ च्या मोठ्या चाचणीत सगळे रुग्ण एकत्र धरले तर व्हेंटिलेटरविना दिवसांत ठोस फरक निघाला नाही. आधीच व्हेंटिलेटरवर असलेल्यांत फायद्याची खूण दिसली. ठेचलेल्या फुप्फुसाला प्लेट दुरुस्त करत नाही. उलट बाजूचा इतिहासही विसरू नका. १९५६ मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी आतून दाब देऊन छाती स्थिर ठेवायची कल्पना मांडली, आणि फ्लेल दिसला की श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावा असा रिवाज पडला. १९७५ मध्ये टेक्सासमध्ये ट्रिंकल आणि मंडळींनी दाखवलं की नळी न टाकता वेदना आवरून, पाण्यावर लक्ष ठेवून सांभाळलेल्यांची गत बरी होती. हालचाल बघून नळी टाकायची नाही, श्वास बघून टाकायची.

घाटावरचा
मग हालचालीला किंमतच नाही? व्हेंटिलेटर लावला की तुकडा आत जायचा थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भूलवाला_काका
थांबतो, कारण मशीन हवा आतून ढकलतं, ओढ उरतच नाही. म्हणूनच व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात फ्लेल दिसत नाही म्हणून तो नाहीच असं समजू नये. नळी काढायच्या वेळी तो परत हजर. आणि लोलक सोडून द्या हो, ती हवा इकडून तिकडे जाणं हे मुख्य कारण नव्हे.

शिकाऊ_डॉक्टर
रुग्णाचं सांगतो. आले तेव्हा श्वास ३४, मोकळ्या हवेत ऑक्सिजन ८८. गंमत म्हणजे पहिल्या दोन तासांत उलटी हालचाल फारशी दिसलीच नाही, मला वाटलं साध्या बरगड्या असतील. पहाटे स्पष्ट दिसली.

भूलवाला_काका
ती गंमत नव्हे, सापळा. सुरुवातीला दुखण्याने स्नायू आखडतात आणि तेच तुकड्याला धरून ठेवतात. स्नायू थकले की तुकडा सुटतो. म्हणून नुसतं उभं राहून बघू नका, बाजूने, पलंगाच्या पातळीवर डोळे आणून बघा, हात ठेवून बघा. एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायूंच्या तपासणीत, कार्बन डायऑक्साइड सुरुवातीला कमी किंवा नॉर्मल असेल, कारण माणूस वेगाने श्वास घेतोय. तोच ३० वरून ४० कडे सरकला तर रिपोर्टात "नॉर्मल" छापून येईल आणि रुग्ण दमलेला असेल. मला सगळ्यात भीती त्या नॉर्मल आकड्याची वाटते.

शिकाऊ_डॉक्टर
वेदना थांबवायला पाठीच्या कण्यात एपिड्युरल टाकलं, साठलेलं रक्त काढायला छातीत नळी आहे, रक्त ३०० मिली निघालं. तासाभरात श्वास २६ वर आला, खोकल्याने कफ निघाला. तुकडा अजून तसाच आत जातोय.

हाडांचा_माणूस
अजून जातोय ना! उद्या नाही सुधारला तर मला बोलवा. पण उशिरा बोलवलंत तर हाडांची टोकं आणि फुप्फुस दोन्ही बिघडलेली असतात, ही माझी नेहमीची तक्रार.

भूलवाला_काका
ठेचलेलं फुप्फुस बहुतेकदा दुसऱ्या दिवशी जास्त बिघडतं, त्यामुळे उद्या सकाळचा एक्सरे कालच्यापेक्षा वाईट दिसला तर लगेच श्वासनलिकेच्या नळीकडे धावू नका. श्वासाचा वेग, खोकला आणि तो कार्बन डायऑक्साइड, तिन्ही एकत्र मांडा. वेग परत ३५ च्या वर आणि कार्बन चढता दिसला, तर मात्र मीही प्लेटवाल्यांच्या बाजूला येईन, कदाचित.