मदत हवी आहे: कबड्डीत तारीख गेल्यावर येणाऱ्या टीमसाठी नियम काय ठेवायचा? लेट फी किती?

दारव्ह्याचा_कास्तकार:
नमस्कार मंडळी, आमच्या गावात मंडळाचे खुल्या गटाचे कबड्डी सामने आहेत, नॉकआऊट, तीन रात्री, दोन मैदानं, फी ७०१. नाव द्यायची तारीख काल संपली, २७ टीमचे पैसे जमा आहेत आणि आता फोनवर फोन येऊन राहिले, "कापूस वेचणी चालू होती, पोरं जमली नाही, घ्या ना दादा". अशा ७ टीम झाल्या, त्यातल्या दोघींसाठी वरून शब्द आला. लॉट्स परवा रात्री काढायचे आहेत. मंडळात कोणी म्हणते डबल फी घेऊन सगळे घ्या, कोणी म्हणते एकही नको, आणि वेळेवर भरलेले म्हणतात मग आम्ही काहून धावपळ केली? त्यांचं म्हणणं मले पटते. चावडीवर लावता येईल अन सगळ्यायले सारखा लागेल असा नियम पाहिजे.

रात्रीचा_रेडर:
एवढं काय त्यात भाऊ, नॉकआऊटमध्ये एक टीम वाढली की एकच सामना वाढतो. २७ टीमचे २६ सामने, ३४ चे ३३. डबल फी घ्या अन सगळे खेळवा.

जुना_पंच:
रेडर भाऊचा हिशोब बरोबर आहे पण ते सामने कुठं पडतात ते पाहा. २७ टीम ३२ च्या तक्त्यात बसतात, म्हणजे ५ बाय, पाच टीम पहिली फेरी न खेळताच पुढं जातात. पाच टीम घेतल्या तर त्याच जागा भरतात, कोणीही जिंकली तरी पाचच सामने खेळते. ३३ वी आली की पहिल्या फेरीच्या आधी अजून एक फेरी, ३४ झाल्या तर चार टीमले एक सामना जास्त, अन चिठ्ठीत त्या वेळेवर भरलेल्याच निघाल्या तर? म्हणून ५ च्या वर एकही नाही, कोणाचाही फोन येवो.

दुसरं, रात्र. २०-५-२० चा सामना धरला अन टीम आत-बाहेर होणं धरलं तर तासभर जाते. २७ टीमले पहिल्या फेरीत ११ सामने, दोन मैदानांवर सहा तास. ३२ ले १६ सामने, आठ तास. रात्री आठले सुरू केलं तर पहाटचे चार वाजतात. पहिली फेरी १५-५-१५ ठेवली तर निभते, पण ते सगळ्या टीमले आधीच सांगा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. लॉट्स निघायच्या आधी बाय कोणाचीच नसते, म्हणून तेव्हा उशिराची टीम घेतली तर कोणाचं काही हिसकलं जात नाही. चिठ्ठी निघाल्यावर ती बाय त्या टीमची झाली. मग पाच हजार दिले तरी कोणाले घ्यायचं नाही. म्हणून परवा दुपारी १२ पर्यंतच, अन नुसतं नाव दिलेलं धरायचं नाही, पैसे खात्यात आलेले धरायचे. स्क्रीनशॉट पाहू नका, खातं उघडून पाहा.

वाशीमची_आई:
माझ्या पोरीच्या बारावीच्या फॉर्मले आम्ही विलंब शुल्क भरलं, ते परत मिळते का कोणाले माहीत आहे?

जुना_पंच:
ताई, इथं कबड्डीचं चालू आहे, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारा. पण बोर्डाचं एक घेण्यासारखं आहे, विलंब शुल्क किती ते तारखांसोबतच जाहीर असते, फोन आल्यावर ठरत नाही. कास्तकार भाऊ, तुम्ही पण आकडा आज लावा. मी १००१ ठेवीन. वरचे ३०० पंचाचं मानधन, जनरेटरचं डिझेल अन बारा पोरांच्या जेवणाले लागतात, हे सांगता येते. ५० रुपये जास्त ठेवले तर पुढच्या वर्षी सगळेच थांबतील, अन डबल ठेवले तर लोक म्हणतील मंडळानं जागा विकल्या. माफी कोणालेच नाही.

तांड्यावरचा_कॅप्टन:
पण सात जण अन जागा पाच, पहिले पैसे टाकेल त्याची जागा म्हणता का? आमच्या इकडे रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही. बाजारगावातला पोरगा दोन मिनिटात टाकते. त्यापेक्षा १२ पर्यंत ज्यांचे आले त्यांच्यात चिठ्ठी काढा, राहिलेल्या दोघायचे पूर्ण पैसे परत.

रात्रीचा_रेडर:
हे बरोबर वाटून राहिलं. अन वरचे १५०० मंडळाच्या खर्चात नका घुसवू, वेळेवर भरलेल्या टीमले त्याचा काही फायदा द्या.

जुना_पंच:
चिठ्ठी चालते, पण लॉट्सच्या आधी, सगळ्यांसमोर. मले मात्र पैशाच्या वेळेचा क्रम जास्त सरळ वाटते, त्यात वाद कमी.

दारव्ह्याचा_कास्तकार:
धन्यवाद मंडळी. आज रात्री बैठकीत ठेवतो: ५ जागा, १००१, परवा १२ वाजेपर्यंत, लॉट्सनंतर कोणी नाही, अन सातही टीमले एकाच वेळी एकच मेसेज. कॅप्टन भाऊची चिठ्ठी मले पटली, पंच काकांना नाही, ते बैठकीत ठरू द्या. अजून एक सांगा, उशिराच्या टीमनं पैसे भरले अन सामन्याले आलीच नाही तर काय करता तुम्ही? समोरच्या टीमले पुढे चाल देतो, पण पोरं दोन तास वार्मअप करून बसून राहतात.

तांड्यावरचा_कॅप्टन:
आमच्याकडे पुकार झाल्यावर पंधरा मिनिटं थांबतात, मग बाद. अन त्या टीमले पुढच्या वर्षी उशिराच्या जागेत घेत नाही, वेळेवर भरलं तरच.