मदत हवी आहे: आईने प्रेडनिसोलोन अचानक बंद केली, आता उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते

सुमेधा_र
नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ६९ वर्षांची आहे. चौदा महिन्यांपूर्वी दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळी इतक्या आखडायच्या की तिला ब्लाउज घालता येईना. पॉलिमायाल्जिया रुमॅटिका असं निदान झालं आणि प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी २० मिग्रॅ सुरू झाली. दोन महिन्यांत १० वर आलो, मग दर महिन्याला एक मिलिग्रॅम कमी करत ५ वर. ४ केल्यावर खांदे पुन्हा दुखू लागले म्हणून डॉक्टरांनी ५ वरच थांबायला सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी एक ५ ची गोळी.

मधल्या काळात साखर वाढली, चेहरा सुजल्यासारखा गोल झाला. नात्यातल्या कोणीतरी तिला सांगितलं, "पाच म्हणजे लहान मुलाचा डोस, सोडून दे." तिने आम्हाला न सांगता गोळी बंद केली. काल ड्रॉवरमध्ये पाकीट सापडलं तेव्हा हिशेब केला, आज नववा दिवस.

चौथ्या दिवसापासून तिला जेवण नकोसं झालंय, मळमळतं, अंग मोडून आल्यासारखं दुखतं. आज सकाळी दात घासताना बेसिनची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती, घाम फुटलेला, ओठ पांढरे. उलटी नाही, ताप नाही. ती म्हणते जुनं दुखणं परतलंय आणि आता पेनकिलर घेऊन बघते. डॉक्टर परगावी आहेत, उद्या भेटतील. दुखणं परतलंय की गोळी सोडल्याचा परिणाम, हे कसं ओळखायचं?

निनाद
ताई, माझ्या भावाला ॲडिसनचा आजार आहे, म्हणून थोडं माहीत आहे. तुम्ही म्हणता तशीच लक्षणं असतात. पण त्यात कातडी काळवंडते, हिरड्यांवर डाग येतात, पोटॅशियम वाढतं आणि मीठ खावंसं वाटतं. आईंना यातलं काही नसेल तर ॲड्रिनल ग्रंथीचा प्रश्न नसावा, दुखणंच परतलं असेल. तरी एकदा पोटॅशियम बघून घ्या.

वसुधा_फिजिशियन
सुमेधा, उद्याची वाट बघू नका. आधी एवढं करा. आईंना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजा. मग उभं करून, कोणीतरी धरून ठेवून, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडला तर आजच इमर्जन्सी विभागात न्या. न पडला तरी आजच कुठल्याही डॉक्टरांशी बोलून शेवटचा डोस पुन्हा सुरू करायचा. उलटी झाली, गुंगी आली, असंबद्ध बोलू लागल्या किंवा वरचं बीपी १०० च्या खाली गेलं, तर मोजत बसू नका, सरळ निघा. तिथे पहिलं वाक्य हे सांगा: "चौदा महिने रोज प्रेडनिसोलोन घेत होती, नऊ दिवसांपूर्वी अचानक बंद केली." एवढं ऐकलं की हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन आणि सलाइन का द्यायचं हे समोरच्याला कळतं. तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत हे इंजेक्शन थांबवायचं नसतं. पेनकिलरने यातलं काहीच सुटत नाही.

निनाद, तुमच्या भावाच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. इथे मात्र ते लागू होत नाही, आणि नेमकं इथेच भले भले फसतात. ॲडिसनमध्ये कॉर्टिसोल बनवणारी ॲड्रिनल ग्रंथीच खराब होते. ती काम करत नाही म्हणून मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी वरून जोरजोरात हुकूम सोडत राहते आणि त्या हुकुमानेच कातडी काळवंडते. बाहेरून स्टिरॉइड मिळत असेल तेव्हा उलटं घडतं. पिट्यूटरीला वाटतं की रक्तात भरपूर आहे, हुकूम कशाला सोडायचा? हुकूम थांबला की ग्रंथी हळूहळू आक्रसते. त्यामुळे कातडी काळी पडत नाही. मीठ-पोटॅशियम सांभाळणारं अल्डोस्टेरोन मूत्रपिंडाच्या इशाऱ्यावर चालतं, ते शाबूत राहतं, म्हणून पोटॅशियमही बहुधा नॉर्मलच येतं. सोडियम मात्र उतरू शकतं. पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून कोणी धीर दिला तर ऐकू नका.

सुमेधा_र
झोपून १२४/७६. उभं राहिल्यावर एका मिनिटाला ९६/६०, पुढे मोजूच दिलं नाही, खाली बसली. निघतोय.

पुष्कर_के
लवकर बऱ्या होवोत. माझाही एक प्रश्न आहे, राग मानू नका. मला दम्याचा जोर वाढला की पाच-सहा दिवस प्रेडनिसोलोन ४० देतात आणि एकदम बंद करतात. हे वाचून घाबरलो. मलाही कमी कमी करत सोडायला हवी होती का?

वसुधा_फिजिशियन
पुष्कर, पाच-सहा दिवसांत ग्रंथी सहसा झोपत नाही, त्यामुळे तो कोर्स एकदम थांबवला तरी चालतो. साधारण तीन-चार आठवड्यांच्या पुढे रोज घेतली की सावध व्हायचं. मात्र वर्षात असे कोर्स वारंवार होत असतील आणि वर मोठ्या डोसचा इनहेलरही रोज चालू असेल, तर दोन्ही मिळून परिणाम होऊ शकतो. हे तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा.

सुमेधा_र
तिसऱ्या दिवशी लिहितेय. सोडियम १२८ निघालं, पोटॅशियम ४.२, अगदी नॉर्मल. वसुधाताई, तुमचं पहिलं वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं. इंजेक्शन आणि सलाइननंतर चार-पाच तासांत आईने स्वतःहून चहा मागितला. आठवड्याभरात पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं होतं, मला रडू आलं.

आज घरी सोडलं. पहिले तीन दिवस दहा, मग रोज ५. आता प्रश्न पुढचा. ४ वर गेलो की खांदे दुखतात आणि ५ सोडली तर हे असं. मग यातून बाहेर पडायचं कसं? शिवाय एका डॉक्टरांनी संध्याकाळी कॉर्टिसोल तपासलं, १४ आलं आणि "ग्रंथी छान चालते" म्हणाले. तेव्हा सकाळची गोळी घेऊन झाली होती.

वसुधा_फिजिशियन
तो १४ विसरून जा. कॉर्टिसोल सकाळी सर्वात जास्त असतं, म्हणून रक्त आठ-नऊच्या सुमारास द्यायचं. आणि प्रेडनिसोलोनची रचना कॉर्टिसोलशी इतकी मिळतीजुळती आहे की नेहमीच्या तपासणीत गोळीच कॉर्टिसोल म्हणून मोजली जाते. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन तर कॉर्टिसोलच असतं. शेवटच्या गोळीला पूर्ण २४ तास झाल्यावर, म्हणजे त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, तरच आकड्याला अर्थ. मायक्रोग्रॅममध्ये १० च्या वर आला तर ग्रंथी जागी झाली असं समजतात. ५ ते १० मध्ये आला तर तोच डोस चालू ठेवून काही आठवड्यांनी-महिन्यांनी पुन्हा बघायचं. ५ च्या खाली असेल तर काही महिने घाईच करायची नाही. दुसऱ्या लॅबचं एकक नॅनोमोल असलं तर हेच आकडे साधारण ३०० आणि १५० होतात.

आता "पाच म्हणजे लहान मुलाचा डोस" याबद्दल. शरीर दिवसभरात स्वतः जेवढं कॉर्टिसोल बनवतं, त्याच्या तोडीचं काम साधारण ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन करते. आईंनी थोडा डोस सोडला असं नाही, शरीराकडे होतं नव्हतं ते सगळं एका दिवसात काढून घेतलं. २० वरून १० पर्यंत किती वेगाने यायचं हे मूळ आजार ठरवतो. ५ च्या खाली मात्र ग्रंथी ठरवते, आणि तिला जाग यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. आधी मेंदूकडून हुकूम सुरू होतो, आक्रसलेली ग्रंथी त्यानंतर भरते. २० वरून १९ केलं तर विसावा भाग गेला, ५ वरून ४ केलं तर पाचवा. एक मिलिग्रॅम तोच, पण शरीराला सारखा वाटत नाही.

म्हणून ४ ला जाताना मधली पायरी घालतात. महिनाभर एक दिवस ५, एक दिवस ४. मग महिनाभर रोज ४. वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण ही पायरी त्यांना सुचवून बघा.

निनाद
पोटॅशियमबद्दल चुकीचं सांगितलं, माफ करा ताई. पण मग एक दिवस ५ आणि एक दिवस काहीच नाही, असं जास्त सोपं नाही का? भावाच्या वॉर्डात एकाला दिवसाआड देत होते.

वसुधा_फिजिशियन
दिवसाआड पद्धत काही आजारांत वापरतात, खोटं नाही. पण आत्ता आईंची ग्रंथी झोपलेली आहे. रिकाम्या दिवशी दुपारनंतर त्यांच्याकडे काहीच उरणार नाही. बेसिनपाशी जे झालं ते दर दोन दिवसांनी व्हायचं.

मंजिरी_२
मी याच आजारातून गेले आहे, म्हणून लिहिते. ३ मिग्रॅवर दोन वर्षं अडकले होते. एका डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनवर बदललं, सकाळी आणि दुपारी, कारण ते शरीरातून लवकर उतरतं आणि रात्री ग्रंथीला जागं व्हायला वाव मिळतो. दुसऱ्यांचं म्हणणं, कशाला बदल, प्रेडनिसोलोनच अर्ध्या मिलिग्रॅमने कमी करा. मी बदलले, आठ महिन्यांत सुटले. पण ते बदलल्यामुळे की वेळ गेल्यामुळे, मला आजही सांगता येणार नाही.

दुखणं परतलंय की गोळी कमी पडतेय, हे मी असं ओळखायचे. आजार परतला की सकाळी खांदे तास-तासभर आखडलेले असायचे, हात वर जायचा नाही, दुपारपर्यंत मोकळं व्हायचं आणि रक्तात सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं यायचं. गोळी कमी पडली की सगळं अंग सारखंच दुखायचं, मळमळ, उठताना अंधारी, आणि दुपारी पायांत जीव नसायचा. दोन्ही एकदम आलं की मात्र मलाही कळायचं नाही.

वसुधा_फिजिशियन
मंजिरीताई, छान सांगितलंत. बदलावं की नाही यावर आमच्यातही एकमत नाही, दोन्ही चालतं. मी स्वतः सहसा बदलत नाही, वयस्कर माणसाला दोनदा गोळ्या लक्षात ठेवणं जड जातं.

सुमेधा, अजून एक. ताप आला की निरोगी शरीर कॉर्टिसोल कितीतरी वाढवतं. आईंचं वाढणार नाही. तापाच्या दिवसांत एकूण १० मिग्रॅ, सकाळी ५ आणि संध्याकाळी ५, आणि बरं वाटल्यावर पुन्हा नेहमीचा डोस, असं साधारण सांगतात. हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका, इंजेक्शनच लागतं. आईंच्या पर्समध्ये एक चिठ्ठी असू द्या: स्टिरॉइड चालू आहे, अचानक बंद करू नये.

सुमेधा_र
चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा आणलाय आणि रोज सकाळी मी फोन करून कप्पा रिकामा झाला का विचारते. सुरुवातीला आई चिडली. मग तिला पाचाचा हिशेब समजावला तेव्हा म्हणाली, "हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी कशाला सोडली असती?"

पुढच्या महिन्यात तिची दाढ काढायची आहे, जागा बधिर करून. त्या दिवशी डोस वाढवायचा का? दातांचे डॉक्टर गरज नाही म्हणतात.

मंजिरी_२
माझ्या वेळी त्या दिवशी दुप्पट घ्यायला सांगितलं होतं.

वसुधा_फिजिशियन
बधिर करून एक दाढ काढायची तर नेहमीचा डोस न चुकवता घेतला की बऱ्याचदा भागतं, काही जण एक दिवस दुप्पट देतात. पण आई नुकत्याच यातून उठल्या आहेत, त्यामुळे मी इथून ठरवणार नाही. आधी सकाळचं कॉर्टिसोल नीट होऊ द्या आणि तो आकडा घेऊन त्यांच्या डॉक्टरांना विचारा. दाढेत पू किंवा सूज असेल तर गोष्ट वेगळी, मग ते आजारपणातच धरायचं. सूज आहे का?

सुमेधा_र
हिरडी थोडी लाल आहे. आज संध्याकाळी टॉर्च लावून नीट बघते आणि सांगते.